पाटलांच्या शेअरांचे कुलूप

माझा आवाज लहान आहे. बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करताना न्यायाधीश अनेकदा कानामागे हात धरून पुढे वाकत असत, आणि अशिलांना ते खटल्याच्या गांभीर्याचे लक्षण वाटे. हळू बोलणारा माणूस खोटे बोलत नसावा असा एक समज आमच्या भागात आहे. या समजावर माझे निम्मे आयुष्य चालले, हे पन्नाशी उलटल्यावर मान्य करायला हरकत नाही.

घाटाखालच्या एका कापसाच्या गावातले जिनवाले पाटील माझ्याकडे आले ते याच समजामुळे. कापसातून सरकी काढणारी त्यांची जिनिंग फॅक्टरी चांगली चालत होती. तिला सरकीच्या तेलाची गिरणी जोडायची, त्यासाठी लिमिटेड कंपनी काढायची आणि भांडवल लोकांकडून उभे करायचे, असा त्यांचा बेत होता.

"वकीलसाहेब, मी मोठ्यानं बोलतो," ते म्हणाले. "मोठ्यानं बोलून कापूस इकता येते, कागद इकता येत नाई. तुमी हळू बोलता. तुमी पायजे."

तेव्हा दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. आज नवे भांडवल काढायचे तर दिल्लीची परवानगी लागते आणि शेअर किती भावाने द्यायचा यातही दिल्ली लक्ष घालते. त्या वेळी तो भाव कंपनी काढणारे आणि पैसे घालणारे आपापसात ठरवीत. आमचा वाद त्यावरच सुरू झाला.

शेअर दहा रुपयांचा धरला होता. ही त्याची दर्शनी किंमत, म्हणजे कागदावर छापलेली. पाटलांचे म्हणणे, लोकांकडून पंधरा घ्यावे. वरचे पाच रुपये कशाचे, असे मी विचारले.

"माह्या नावाचे."

मी त्यांना माझ्या पद्धतीने समजावले. नावालाही किंमत असते, पण ती मोजावी लागते. जिनची जमीन, इमारत आणि यंत्रे आज किती रुपयांची, गेल्या काही हंगामांत सरासरी नफा किती, शेजारच्या जिल्ह्यात अशी फॅक्टरी विकली गेली तेव्हा काय भाव आला, हे सगळे पाहून दर्शनी किमतीवर किती घेणे शोभेल ते ठरते. तेलाच्या गिरणीचे तर अजून एक चाकही फिरलेले नाही. शिवाय वरची रक्कम पाटलांच्या खिशात जाणार नव्हती. ती कंपनीच्या गंगाजळीत जाणार होती. हे ऐकून पाटलांचा उत्साह थोडा ओसरला, पण पंधराचा आकडा त्यांनी सोडला नाही.

अकोल्याच्या एका इंजिनिअरकडून जिनची किंमत करविली, ती दीड लाख आली. पाटलांना हे दीड लाख रोख नको होते. त्यांना त्याबदल्यात शेअर हवे होते. ठरावाच्या मसुद्यात मी एक वाक्य घातले: लोकांना शेअर ज्या भावाने दिला जाईल, त्याच भावाने पाटलांना त्यांच्या जिनच्या बदल्यात दिला जाईल. हे वाक्य मी बैठकीत वाचून दाखविले. पाटलांनी मान हलविली. पुढे अनेक वेळा मी स्वतःला विचारले आहे, की ते वाक्य वाचताना माझा आवाज नेहमीपेक्षाही लहान का झाला होता. उत्तर मला ठाऊक आहे. ते मी देवासमोर देत असतो, इथे लिहीत नाही.

भावाची बैठक पाटलांच्या जिनमध्येच झाली. होणारे संचालक पाच होते: पाटील, एक डॉक्टर, दोन जमीनदार आणि गावातला एक वयस्क अडत्या. अडत्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा कापूस विकला होता आणि त्यामुळे कोणाच्याच बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. लोकांच्या बाजूने भाव बोलायचे काम त्याच्याकडे आले. मी केवळ सल्लागार म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. वाटप आटोपल्यावर मला सहावा संचालक म्हणून घ्यायचे ठरले होते.

तासभर बोलणे झाले आणि पाटील पंधरावरून हलेनात, अडत्या दहावरून हलेना. शेवटी अडत्याने खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या मध्ये पसरला.

आमच्या भागात कापसाचा भाव पूर्वी असाच होत असे. रुमालाखाली दोघे हात घालत, बोट धरले की रुपया आणि पेर दाबले की आणे, आणि भोवती उभे असलेल्यांना केवळ दोघांचे चेहरे दिसत. मार्केट कमिटीने ही रीत बंद केली होती. तरी हातांची सवय गेली नव्हती. त्या रीतीचा एकच नियम होता: रुमालाखाली ठरलेला भाव कोणी फिरवत नसे. लेखी करार फिरविणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, आणि त्यांतल्या काहींची बाजूही मांडली. पण रुमालाखालचा भाव फिरविल्याचे ऐकिवात नाही.

डॉक्टर म्हणाले, "अहो, ही कंपनी आहे, बाजार नव्हे."

"डाक्टरसाहेब, तुमी नाडी पाहता ना," अडत्या म्हणाला. "तेच करून राह्यलो."

रुमाल बराच वेळ हलत राहिला. पाटील डोळे मिटून होते, अडत्या छताकडे पाहत होता. मग पाटील मोकळेपणाने हसले आणि हात बाहेर काढून म्हणाले, "बारा. दहाचा कागद आन् वरचे दोन माह्या नावाचे. दोन तं दोन."

मी पेन्सिल घेतली आणि कागदावर हिशेब मांडला. दहाच्या भावाने दीड लाखाचे पंधरा हजार शेअर झाले असते. लोकांनाही पंधरा हजारच द्यायचे होते, म्हणजे कंपनीत पाटील बरोबर निम्मे. बाराच्या भावाने दीड लाखाचे साडेबारा हजार होत होते. मी तो आकडा पाटलांपुढे ठेवला.

"हे काय?"

"आपले शेअर."

"पन मंग हे निम्म्याच्या खाली गेलं."

"भाव वर गेला की शेअर कमी होतात. दोघांना एकच भाव, असे आपल्या ठरावात आहे. मी वाचून दाखविले होते."

"तुमी वाचलं तवा जिनचा पट्टा तुमच्यापेक्षा मोठ्यानं बोलत व्हता," पाटील म्हणाले. मग रुमालाकडे पाहिले, अडत्याकडे पाहिले आणि भाव फिरवायचे नाव काढले नाही. अडत्या रुमालाची घडी घालत होता. त्याने ती चारदा घातली.

"पंधराले अडून बसले अस्ते तं दहाच हजार भेटले अस्ते तुमाले," तो म्हणाला. "माह्यामुळं वाचले."

या गोंधळातच मी दुसरे कलम पुढे केले. पाटलांना मिळणारे साडेबारा हजार शेअर त्यांनी तीन वर्षे विकायचे नाहीत. विकायचे झाल्यास बाकी सर्व संचालकांची लेखी संमती लागेल, एकाचीही हरकत असली तर नाही. कारण साधे होते. लोक पैसे घालणार ते पाटील जिन चालवतील या भरवशावर. पाटलांनीच वर्षभरात आपले शेअर चढ्या भावाने विकून पाय काढून घेतला, तर लोकांच्या हाती यंत्रे राहतील आणि यंत्रांची भाषा जाणणारा माणूस राहणार नाही. पाटील त्या दिवशी इतके खिन्न होते, की त्यांनी त्याला कुलूप म्हटले आणि सही केली. "घाला कुलूप," ते म्हणाले. "चावी तेवढी हळू बोलनाऱ्याजवळ ठेवू नका."

माहितीपत्रक छापले. अर्जाबरोबर शेअरामागे सहा रुपये आणि वाटप झाल्यावर उरलेले सहा, असे त्यात होते. पाटलांच्या शेअरांवरची तीन वर्षांची बंदीही मी ठळक अक्षरांत छापली, लोकांना धीर यावा म्हणून. लोकांना धीर आला, पण माझ्या अपेक्षेपेक्षा निराळ्या वाटेने. ज्या शेतकऱ्याला पैशाची निकड नसते तो चांगला कापूस घरात ठेवतो आणि हलका आधी बाजारात नेतो, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असते. त्यावरून गावोगाव निष्कर्ष निघाला, की पाटलांनी चांगले शेअर घरात ठेवले आहेत. संग्रामपूरकडचे एक जमीनदार अर्ज घेऊन माझ्याकडे आले.

"वकीलसाहेब, आमाले कुलपातले पायजेत."

"सगळे शेअर सारखेच आहेत."

"मंग पाटलाचे काऊन बंद केले?"

मी त्यांना अर्धा तास समजावले. शेवटी ते म्हणाले, "बरं, उघडे तं उघडे. घरी नेऊन आमीच कुलूप लावतो." आणि ऐंशी शेअरांचा अर्ज दिला.

पंधरा हजार शेअरांना तिपटीहून जास्त मागणी आली. ही बातमी ऐकून मी फार समाधान पावलो होतो. पुढचे काही मला दिसत नव्हते. मागणी जास्त झाली की प्रत्येकाला मागितले तितके देता येत नाही. आधी आला त्याला आधी, चिठ्ठ्या टाकून, की सर्वांना प्रमाणात, यांपैकी एक रीत निवडावी लागते, आणि ती सगळ्यांना सारखी लावावी लागते. संचालकांनी असे ठरविले, की वीसपर्यंत मागणाऱ्या लहान लोकांना दहा-दहा द्यावे आणि त्यावरच्यांना मागणीचा चौथा हिस्सा. ज्यांनी जास्तीचे पैसे भरले होते ते आधी वाटपाच्या हप्त्यात वळते करावे आणि उरतील ते परत पाठवावे. मी या रीतीची मनापासून वाहवा केली.

आता माझी गोष्ट. कंपनीच्या नियमांप्रमाणे संचालकाच्या नावावर किमान शंभर शेअर असले पाहिजेत, आणि नेमणूक झाल्यापासून दोन महिन्यांत ते नसले तर त्याची जागा आपोआप रिकामी होते. पहिल्या पाच संचालकांनी आपले शंभर-शंभर आधीच ठरवून घेतले होते. पाटलांनी मलाही विचारले होते, "तुमचे शंभर बाजूला ठेवू काय?" मी म्हणालो, नको, मी सर्वसामान्य लोकांच्या रांगेतून अर्ज करीन. हे मी चार माणसांदेखत म्हणालो. मी स्वतःला सचोटीचा माणूस समजत असे आणि ती समजूत दुसऱ्यांच्या कानांवर जाईल अशी व्यवस्थाही ठेवीत असे. त्या कामी माझा आवाज पुरेसा मोठा होई.

मी शंभरांचा अर्ज केला. मला पंचवीस मिळाले.

वाटपानंतर माझी नेमणूक झाली, आणि त्याच सुमारास मुंबईच्या एका तेलवाल्याचा माणूस पाटलांकडे आला. बाजारात बारा रुपयांचा शेअर तोपर्यंत सोळाला बोलला जात होता. तेलवाला पाटलांच्या अर्ध्या शेअरांना अठरा देत होता. पाटलांनी एकेक संचालक गाठायला सुरुवात केली. डॉक्टर विरघळले, दोन्ही जमीनदार विरघळले. अडत्याने कधी कोणाचाच वाईटपणा घेतला नव्हता, त्याने "बाकीचे म्हनतीन तसं" असे सांगितले. राहिलो मी. माझी जागा टिकली तर कुलूप टिकणार होते. दोन महिन्यांत पंचाहत्तर शेअर मिळाले नाहीत तर माझ्याबरोबर ते कुलूपही जाणार होते, आणि घाटाखालच्या दीड-दोनशे घरांनी ज्या भरवशावर पैसे घातले तो भरवसाही.

पाटील मला मदत करायला तयार होते. "तुमाले पंचाहत्तर मीच दिले अस्ते," ते हळहळून म्हणाले, "पन माह्यावाले कुलपात हाये. कोनं तरी कलम घातलं ना."

मी बाजारात शोध घेतला. कोणीही विकेना. पाटील तीन वर्षे विकणार नाहीत तर आपण का विकावे, हा गावोगावचा विचार होता. संग्रामपूरच्या जमीनदारांकडे मी स्वतः गेलो. त्यांना ऐंशीपैकी वीस मिळाले होते, आणि भरलेल्या पैशांतून वाटपाचा हप्ता कापून उरलेले निम्मे पैसे कंपनीने परत पाठविले होते. त्यांनी मला चहा पाजला आणि खूश होऊन म्हणाले, "झाड लावलं तं पाच वर्सं फळ येत नाई. तुमच्या कंपनीनं महिन्यात अर्धे पैसे नफा देल्ला."

"तो नफा नाही. ते तुमचेच पैसे परत आले. मागणी जास्त झाली, म्हणून तुम्हाला शेअर कमी मिळाले."

"हाव, हाव," ते मला समजावत म्हणाले. "तुमाले शेअर इकत घ्याचे हाये, तुमी असंच म्हनसान."

खरे बोलूनही खोटा ठरण्याचा तो माझा पहिला प्रसंग. व्यवसायात उलटा अनुभव पुष्कळ होता.

शेवटी मी जानेफळला गेलो. तिथे माझी थोरली बहीण राहते. नवऱ्याच्या मागे तिने शेती स्वतः केली आणि माझ्याहून चांगली केली. अक्काने या कंपनीत पैसे घातल्याचे मला माहीत होते. किती, ते विचारण्याची माझी छाती नव्हती. ती ओसरीवर तूर पाखडत होती.

"किती भेटले तुले?" तिने विचारले.

"पंचवीस."

"किती मांगले व्हते?"

"शंभर."

"पायजे किती व्हते?"

"शंभर."

तिने सूप खाली ठेवले. "भाऊ, तू वकील कसा झाला बे? गर्दी होनार हे दिसत नव्हतं तुले? जेवढे पायजे तेवढेच मांगते का कोनी? मले शंभर पायजे व्हते, मी चारशे मांगले. शंभर आले, बाकीचे पैसे घरी आले."

"आणि मागणी कमी झाली असती तर? चारशेही तुझ्याच गळ्यात पडले असते. पैसे भरावे लागले असते."

"तं चारशे घेतले अस्ते. पाटलानं कुलूप लावून घेतलं, मंग भेव कायचं?"

हे कलम मी घातले, असे मी सांगणार होतो, पण वेळ बरी नव्हती. मी तिला माझी अडचण सांगितली. जागा, कुलूप, मुंबईचा तेलवाला. तिने सगळे नीट ऐकले.

"पंचाहत्तर देतो तुले," ती म्हणाली. "पन भाव पदराखाली करू."

"अक्का, मला ती बोटांची भाषा येत नाही."

"येत नाई म्हनून तं."

तिने पदर पुढे ओढला. मी हात घातला. तिने माझी काही बोटे धरली, काही सोडली, दोनदा मूठ दाबली. साठीच्या घरातल्या बहिणीने हात धरल्यावर माणसाला भलतेसलते आठवते, आणि मी मान डोलावली.

"ठरलं," ती म्हणाली.

"कितीला?"

"अठरा."

"अक्का, बाजारात सोळा आहे."

"पाटलाले मुंबईवाला अठरा देऊन राह्यला. मंग मी काऊन कमी घेऊ? का माहे शेअर पाटलाच्या शेअरापेक्षा हलके हाये?" मग तूर पुन्हा सुपात घेत म्हणाली, "रुमालात फिरवत नसतेत, हे तुले सांगा लागते काय?"

मी अठराने घेतले. बाराला बाजूला ठेवून मिळत होते ते अठराने घेतले, ते केवळ चार माणसांदेखत रांगेत उभे राहण्याची हौस म्हणून. सचोटीला दर्शनी किमतीवर किती जादा द्यावे लागते, हे मला त्या दिवशी नेमके कळले.

मुदत संपण्याआधीच्या बैठकीत माझ्या नावचे हस्तांतर सर्वांत आधी आले. पूर्ण पैसे भरलेल्या शेअराचे हस्तांतर अडविण्याचा संचालकांना अधिकार नव्हता. ते कलमही माझेच. पाटलांनी कागद पाहिला, भाव पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अठरा? वकीलसाहेब, तुमच्या बहिनीनं तुमाले अठराले इकले. तिनं इकले तं चालते, मी इकले तं काऊन चालत नाई?"

डॉक्टर हसले. दोन्ही जमीनदार हसले. मलाही त्यात तथ्य वाटले, आणि हे फार अडचणीचे होते.

"तिच्या शेअरांना कुलूप नव्हते," मी म्हणालो. "ती गेली तरी जिन चालेल. आपण गेलात तर चालणार नाही. लोकांनी आपल्या भरवशावर बारा दिले आहेत. माझी संमती नाही."

"काय म्हनलं?" पाटलांनी कानामागे हात धरला.

"माझी संमती नाही," मी पुन्हा म्हणालो. या वेळी माझा आवाज जिनच्या पट्ट्याच्याही वर ऐकू गेला असावा, कारण बाहेरचे दोन हमाल खिडकीशी येऊन उभे राहिले.

पाटलांना राग आला होता असे मला वाटत नाही. आपल्या जिनशिवाय आपण काय केले असते, याचा विचारही त्यांनी मनात केलेला असावा. मग त्यांनी अडत्याच्या खांद्यावरचा रुमाल हळूच ओढून घेतला, माझ्यासमोर टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घालून माझी वाट पाहू लागले. "बोलू तं द्या," ते म्हणाले. "बोटांनं बोला, आवाजाचं काम नाई."

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बैठक संपेपर्यंत त्यांवर बसून राहिलो.